'बरं.' एवढंच उत्तर आलं तर

जळगावात राहणारी एक मुलगी होणाऱ्या नवऱ्याला लिहिते, 'रविवारी येशील ना?' तो रावेरला केळीचा माल ट्रकमध्ये भरून घेतोय. दोन तासांनी उत्तर येतं: 'बघतो.' तिच्या पोटात गोळा येतो. याला आता मी नकोशी झाले, असं तिला वाटतं.

चिंताग्रस्त जवळीक असलेल्या, म्हणजे जवळचं माणूस आपल्याला सोडून जाईल अशी सतत धास्ती वाटणाऱ्या माणसाचं मन दुराव्याच्या खुणा सतत शोधत असतं. मेसेजमध्ये आवाज नसतो, चेहरा नसतो. ती रिकामी जागा भीती भरून काढते.

अशा वेळी लगेच उत्तर देऊ नका. आधी वहीत स्क्रीनवरचे शब्द जसेच्या तसे लिहा, मग आपण लावलेला अर्थ, आणि त्यावर किती टक्के विश्वास आहे तेही. तिने लिहिलं: '८० टक्के, तो टाळतोय.' मग जुनं चॅट चाळा. गडबडीत तो नेहमीच एका शब्दात बोलतो का? भावाला, मित्रांनाही तसंच लिहितो का?

त्यानंतर एकच सरळ प्रश्न: 'रविवारचं नक्की कधी कळेल? मला तयारी करायची आहे.' आपण अबोला धरून, तो विचारतो का हे पाहू नका. त्याला कळतच नाही की आपली परीक्षा चालू आहे, मग त्याचं गप्प राहणं तुम्हाला पुरावा वाटायला लागतं.

जे उत्तर येईल ते अंदाजाशेजारी लिहा. महिनाभर असं केलं की अंदाज किती वेळा खरे ठरले ते दिसतं. बहुतेक खरे ठरत असतील, भेटी सतत रद्द होत असतील, तर त्याच्याशी समोरासमोर बोला. ती नुसती भीती नव्हे.