दव पडणार की नाही, हे टॉसआधी कसं ओळखायचं

मुंबईत फ्लडलाइटखाली लेदर बॉलने नव्यानेच खेळायला लागलेली मुलं एकाच गोष्टीत फसतात: हवा दमट आहे, म्हणजे रात्री दव पडणारच. मुंबईची हवा जवळजवळ बारा महिने दमट असते. फोनवरचा आर्द्रतेचा आकडा बघून टॉसचा निर्णय सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका.

दव हवेत ठरत नाही, गवताच्या पात्यावर ठरतं. समजा संध्याकाळी सातला तापमान 28 अंश आणि आर्द्रता 70 टक्के आहे. 100 मधून 70 वजा करून 5 ने भागा, 6 आले. ते 28 मधून काढा: दवबिंदू साधारण 22. हवा एवढी दमट असताना हा ढोबळ हिशोब चालतो. आता पातं 22 पर्यंत गार झालं, तरच त्यावर पाणी धरेल. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पातं उष्णता वर सोडत हवेपेक्षाही काही अंश गार होतं. नऊपर्यंत हवा 25 वर आली की पातं 22 च्या खाली जाऊ शकतं. ढग दाटलेले असतील, तर तीच उष्णता बरीचशी खाली परत येते आणि पातं कोमट राहतं. वारा असला तरी तेच. म्हणून ढगाळ, दमट रात्री दवाच्या भरवशावर आधी बॉलिंग घेणं ही सरळ चूक आहे. आधी वर बघा, मग फोनकडे.

ढगांचा खरा फायदा दिवसा मिळतो. पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या दिवसांत ऊन नसल्याने विकेट सुकत नाही आणि सीमवर पडलेला बॉल हलतो. नुसत्या दमटपणाने स्विंग वाढतो हे सगळे सांगतात, पण प्रयोगांतून ते ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

दव पडलंच, तर बॉल ओला होतो तो मुख्यतः आउटफिल्डवर. चामडं पाणी पितं, शिवण फुगते, स्पिनरच्या बोटांतून बॉल निसटतो आणि टप्प्यावर पकड न घेता बॅटवर सरकत येतो. वानखेडेवर 2016 च्या टी-20 वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये वेस्ट इंडिजने टॉस जिंकून फिल्डिंग घेतली आणि भारताच्या 192 चा पाठलाग पूर्ण केला. त्या रात्री दव होतं.

घाबरू नका, याची तयारी होते. नेटमध्ये बॉल बादलीत बुडवून टाका. फुल टॉस जातील, जाऊ द्या. बोटांचा जोर कमी करून वेगात, स्टंपवर टाकायची सवय लागते. मॅचमध्ये दर दोन ओव्हरनंतर स्क्वेअर लेगला गवतावर तळवा फिरवा. ओला आला की स्पिनरच्या उरलेल्या ओव्हर लगेच टाकून घ्या. बॉल पुसायचा टॉवेल मात्र अंपायरला आधी दाखवा.