मोबाइल नंबर बदलताना: जुनं सिम काढण्याआधी काय काय उरकायचं

फक्त रेंजसाठी नंबर बदलत असाल तर बदलू नका. गावात एका कंपनीचा टॉवर पोचत नाही म्हणून नवं सिम घ्यायचं आणि मग महिनाभर बँका नि सेतूच्या पायऱ्या झिजवायच्या, हा सल्ला देणाऱ्याने ते काम स्वतः कधी केलेलं नसतं. `PORT`, मग जागा सोडून तुमचा नंबर, असा एसएमएस `1900` वर पाठवा. नंबर तोच राहतो, कंपनी बदलते. मुंबईचा नंबर घेऊन कायमचे गावी आलेल्यांनाही हे करता येतं.

बदलायचाच असेल तर जुनं सिम रिचार्ज करून चालू ठेवा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्या हातात जातात. कामाचा क्रम असा धरा: आधी आधार, मग बँक, मग यूपीआय, उरलेलं शेवटी.

आधार केंद्रावर या कामाला दुसरा कागद लागत नाही, ७५ रुपये फी आहे. अडतं ते बोटांच्या ठशांवर. काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं टरफलातल्या तेलाने सोललेली असतात, चिरेखाणीवर काम करणाऱ्यांची घासलेली. यंत्र ठसा घेत नाही. तिथून परत फिरू नका, डोळ्यांचं स्कॅन करायला सांगा. पावतीवरचा नंबर तिथेच एकेक आकडा करून वाचा. आधारात नंबर बदलला म्हणजे बँकेतही आपोआप बदलतो, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. दोन्ही नोंदी वेगळ्या आहेत.

खरं डोकं खातं ते बँकेचं काम. शेजारच्या काकींनी शाखेत अर्ज दिला, बचत खात्याचे मेसेज नव्या नंबरावर यायला लागले, सगळ्यांना वाटलं झालं. तरी पीककर्जाचे मेसेज जुन्याच नंबरावर. कारण बँकेत नंबर खात्याला जोडलेला नसतो, तो ग्राहकाच्या क्रमांकाला, म्हणजे कस्टमर आयडीला जोडलेला असतो. काकींचं बचत खातं जुनं, कलमांच्या बागेवरचं कर्ज नंतरचं, आणि कर्ज देताना त्यांचा दुसराच आयडी तयार झाला होता. नंबर बदलला तो एकाच आयडीवर.

हे ओळखणं सोपं आहे. सगळी पासबुकं शेजारी शेजारी ठेवा आणि पहिल्या पानावरचा कस्टमर आयडी किंवा सीआयएफ ताडून बघा. आकडे वेगळे दिसले तर अर्जात दोन्ही लिहा, आणि दोन्ही आयडी एकत्र करून मागा. संयुक्त खातं असेल तर प्रत्येकाचा आयडी वेगळा असतो. नवऱ्याचा नंबर बदलला म्हणून बायकोचा बदलत नाही.

दुसरी अडचण त्याच टेबलावरची. मेसेज येण्यासाठीची नोंद आणि मोबाइल बँकिंगची नोंद काही बँकांत वेगवेगळी असते. म्हणून अर्जात नुसतं 'नंबर बदलावा' लिहू नका. मी असं लिहून देतो: 'माझ्या नावावरील सर्व कस्टमर आयडींवर, एसएमएस अलर्ट आणि मोबाइल बँकिंग दोन्हींसाठी, नवीन क्रमांक नोंदवावा.' दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. 'होईल दोन दिवसांत' या तोंडी उत्तरावर घरी येऊ नका.

बँकेचं झाल्यावरच यूपीआय. ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवून नंबर तपासतं, त्यामुळे नुसतं वायफाय पुरत नाही. सिमला रेंज आणि एसएमएसची सोय दोन्ही हवं. खाली वाडीत रेंज नसेल तर सड्यावर जाऊन करा. दोन सिमच्या फोनमध्ये नवं सिम निवडलंय ना, ते बघा. या नंबरावर खातं सापडत नाही असं ॲप म्हणालं, तर ॲप पुसून परत टाकण्यात वेळ घालवू नका. चूक बँकेच्या नोंदीत आहे, शाखेत जा. डेबिट कार्ड नसेल आणि आधारच्या ओटीपीने पिन ठरवायचा असेल, तर आधार आणि बँक दोन्हीकडे एकच नंबर लागतो. आधार आधी करायचं ते म्हणूनच.

बाकीची कामं घरबसल्या होतात. वीजबिलासाठी `MREG`, जागा सोडून बारा आकडी ग्राहक क्रमांक, असा एसएमएस नव्या नंबरावरून `9930399303` वर. गॅस एजन्सीत सांगून ठेवा, नाहीतर सिलिंडर दारात येतो आणि त्याचा कोड जुन्या फोनवर जातो. पीएम किसान, पीएफ, आयकर आणि वाहन परवान्याच्या नोंदी त्यांच्या पोर्टलवर बदला. गुगल खात्याचा रिकव्हरी नंबर विसरू नका. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंगमधला नंबर बदलण्याचा पर्यायच वापरा, म्हणजे गट तसेच राहतात.

सगळं झाल्यावरही जुनं सिम आणखी एक महिना चालू फोनमध्ये राहू द्या. त्यावर कोणाचा मेसेज आला, की तिथली नोंद राहिली आहे.