बरणीतला मध गोठला तर फेकू नका

थंडीत मेळघाटातला मध बरणीत तुपासारखा दाणेदार होऊन बसतो आणि लोकं म्हणतात साखर मिसळली, पण तसं नसते, मधातलीच ग्लुकोज साखर खडे धरते. बरणी हाताला सोसवेल एवढ्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, गॅसवर डायरेक्ट नको, वास जातो. जुना मधही सहसा खराब होत नाही कारण त्यात पाणी जेमतेम १७-१८ टक्के आणि वरून आंबटपणा, जंतूंना वाढायला ओलच मिळत नाही. मात्र ओला चमचा घातला किंवा कच्च्या पोळ्याचा पातळ मध असला तर आंबतो, वर फेस येतो, झाकण उघडताच आंबूस वास येतो, तो नका खाऊ.

आता बाळाचं. आजी घुटीत मध चाटवते, पण एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरही नको. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू झोपलेले असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या वाढतात आणि विष तयार करतात. उकळूनही ते मरत नाहीत बरं! मध चाटवल्यावर बाळाला शी होईना, रडणं बारीक झालं, दूध ओढेना, मान लुळी पडली तर तसंच दवाखान्यात न्या आणि मध दिल्याचं डॉक्टरला सांगा.