व्हॉल्यूम कंट्रोल आणि प्रेशर सपोर्ट: नव्या रेसिडेंटने या चुका टाळाव्यात

आयसीयूत नवीन आलेला रेसिडेंट व्हेंटिलेटरच्या मोडची नावं दोन दिवसांत पाठ करतो. गडबड होते ती पुढे, स्क्रीनवरच्या कोणत्या आकड्यावर डोळा ठेवायचा इथे. त्यासाठी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आपण जो आकडा सेट करतो तो मशीन पाळतंच, त्यामुळे बिघाड तिथे दिसत नाही. तो दिसतो दुसऱ्या आकड्यात. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये आपण श्वासाचं व्हॉल्यूम ठरवतो, म्हणून प्रेशर बघायचं. प्रेशर सपोर्टमध्ये प्रेशर ठरवतो, म्हणून व्हॉल्यूम आणि रेट बघायचे. बहुतेक चुका या अदलाबदलीतून होतात.

समजा न्यूमोनियाची एक रुग्ण आहे. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ८२ किलो, नुकतीच इंट्युबेट केलेली.

टायडल व्हॉल्यूम काट्यावरच्या वजनावरून लावणं

किलोमागे ६ मिली हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग ८२ गुणिले ६, म्हणजे ४९० मिली लावून मंडळी मोकळी होतात. पण वजन वाढलं म्हणून फुप्फुस मोठं होत नाही, त्याचा आकार उंचीवर ठरतो. म्हणून उंचीवरून काढलेलं वजन धरा. स्त्रियांसाठी हिशोब असा: उंचीतून १५२.४ वजा करा, ०.९१ ने गुणा आणि ४५.५ मिळवा. पुरुषांसाठी ४५.५ ऐवजी ५०. आपल्या रुग्णाचं हे वजन जेमतेम ४८ किलो येतं. म्हणजे ४९० मिली हे किलोमागे दहाच्या वर गेले. हवे होते ३०० च्या आसपास.

ही चूक लपून राहते, कारण प्लॅटो प्रेशर येतं २८ आणि '३० च्या आत आहे' म्हणून सगळे निश्चिंत होतात. पीप ८ आहे. २८ मधून ८ गेले की उरतं ड्रायव्हिंग प्रेशर २०, जे १५ च्या आत असलेलं बरं. व्हॉल्यूम ३०० केल्यावर त्याच फुप्फुसात प्लॅटो २० वर येतं आणि ड्रायव्हिंग प्रेशर १२ वर. व्हॉल्यूम कमी केलं की रेट वाढवावा लागतो, इथे १४ वरून २२. अर्ध्या तासाने एबीजी करा. कार्बन डायऑक्साइड थोडा चढेल, त्याला घाबरून लगेच व्हॉल्यूम वाढवू नका.

पीक प्रेशर पाहून निष्कर्ष काढणं

रात्री हाय प्रेशरचा अलार्म वाजतो. पीक २८ होतं, आता ३८ आहे. इथे अलार्मची मर्यादा वाढवणं किंवा व्हॉल्यूम कमी करणं, दोन्ही घाईचं. आधी इन्स्पिरेटरी होल्ड दाबून प्लॅटो मोजा. रुग्ण त्या क्षणी स्वतः जोर लावत नसला पाहिजे, नाहीतर आकडा फसवा येतो.

प्लॅटो अजून २० च असेल तर फुप्फुस आहे तसंच आहे आणि अडथळा वाटेत आहे: नळीत स्राव, नळीला पीळ, रुग्ण नळी चावतोय किंवा ब्रॉन्कोस्पाझम. पण प्लॅटोही पीकबरोबर ३० वर चढलं असेल, तर फुप्फुस किंवा छाती ताठ झाली आहे. मग न्यूमोथोरॅक्स, एका बाजूच्या ब्रॉन्कसमध्ये सरकलेली नळी, कोलॅप्स, पल्मनरी एडीमा यांचा विचार करा. ओठापाशी नळीवरचा सेंटीमीटरचा आकडा पाहणं आणि दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावणं, यात अर्धा मिनिटही जात नाही. सॅच्युरेशन किंवा बीपी कोसळत असेल तर मात्र आकडेमोड करत बसू नका: व्हेंटिलेटर काढा, शंभर टक्के ऑक्सिजनवर अँबू बॅगने श्वास द्या आणि मग कारण शोधा.

आपल्या रुग्णात प्लॅटो २० च निघालं. सक्शनमध्ये घट्ट स्राव आला, पीक २९ वर उतरलं.

प्रेशर सपोर्टमध्येही प्रेशरच्याच अलार्मवर विसंबणं

चौथ्या दिवशी रुग्ण जागी आहे, स्वतः श्वास घेते. मोड बदलून प्रेशर सपोर्ट १०, पीप ६ लावलं. टायडल व्हॉल्यूम ३५०, रेट २०, सगळं छान. संध्याकाळी नळीत पुन्हा तसाच घट्ट स्रावाचा गोळा अडकतो. आता काय दिसेल?

पीक प्रेशर १६ होतं, १६ च राहतं. अलार्म गप्प. व्हॉल्यूम मात्र २१० वर उतरतं आणि रेट ३४ वर जातो. मिनिट व्हॉल्यूम आधी ७ लिटर होतं, आता २१० गुणिले ३४, म्हणजे ७.१ लिटर! मिनिट व्हॉल्यूमचा अलार्मही वाजणार नाही. रेटची वरची मर्यादा ४० वर ठेवली असेल तर रुग्ण दमेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून मोड बदलला की अलार्म त्याच हाताने बदला. या रुग्णासाठी रेटची वरची मर्यादा ३० आणि टायडल व्हॉल्यूमची खालची २५० ठेवली असती, तर मशीनने वेळेत आरडाओरडा केला असता.

आकडा सुधारण्यासाठी सपोर्ट वाढवणं

मला ही चूक सगळ्यात धोक्याची वाटते, कारण ती लगेच यशस्वी झाल्यासारखी दिसते. सपोर्ट १० वरून १६ केला की व्हॉल्यूम वाढतं, रेट उतरतो, गोळा जागच्या जागी. रेट वाढला की आधी नळी, वेदना, ताप, ॲसिडोसिस, ताठ झालेलं फुप्फुस हे तपासा. सपोर्टला हात त्यानंतर.

पुढे कुणीतरी सक्शन करतं, अडथळा जातो, पण सपोर्ट १६ वरच राहतो. आता व्हॉल्यूम ५४० आणि रेट ११. 'पेशंट आरामात आहे' अशी नोंद होते. स्क्रीन सोडून छातीकडे पूर्ण एक मिनिट पाहा. ती २२ वेळा हलतेय. प्रत्येक दुसरा प्रयत्न मशीनपर्यंत पोचतच नाही, कारण आधीचा मोठा श्वास अजून बाहेर पडतोय. फ्लोच्या आलेखात उच्छ्वासाच्या रेषेवर मध्येच छोटा उंचवटा दिसतो, तो हाच वाया गेलेला श्वास. सपोर्ट दोन-दोनने कमी करत आणा. व्हॉल्यूम ३५० च्या आसपास येईल आणि मशीनवरचा रेट छातीच्या रेटशी जुळेल. सीओपीडीच्या रुग्णात हे फार दिसतं. तिथे सपोर्ट उतरवण्याबरोबर, मशीनने श्वास कधी थांबवायचा ते ठरवणारं सायकल-ऑफ नेहमीच्या २५ टक्क्यांवरून ४० पर्यंत नेलं, तर श्वास लवकर संपतो आणि हवा बाहेर पडायला वेळ मिळतो.

ॲप्निया बॅकअप न तपासणं

प्रेशर सपोर्टमध्ये आपण लावलेला रेट नसतोच. रात्री झोपेसाठी सेडेशन दिलं, फेंटानिल वाढवलं आणि श्वास थांबला, तर वाचवतो तो फक्त बॅकअप. तो साधारण २० सेकंदांनी सुरू होतो. त्यात कुठलं व्हॉल्यूम भरलेलं आहे ते उघडून पाहा. आधीच्या पेशंटचे किंवा कंपनीचे ५०० मिली तसेच असतात, आणि आपल्या रुग्णाला हवे आहेत ३००. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल किंवा सेडेशन खोल असेल तर प्रेशर सपोर्ट लावूच नका, आणि रात्री गाढ सेडेशनची गरज पडलीच तर औषध देण्याआधी व्हॉल्यूम कंट्रोलवर परत या.