बेकरीचा मूल्यप्रवाह नकाशा: पीठ कुठे, किती आणि का थांबतं ते कागदावर कसं आणावं

मूल्यप्रवाह नकाशा, म्हणजेच व्हॅल्यू स्ट्रीम मॅप, ही पद्धत टोयोटाच्या कामाच्या शिस्तीतून आली. कच्चा माल आत आल्यापासून तयार वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत माल कुठून कुठे गेला, कुठे थांबला आणि पुढचं काम करायचा निरोप कुणी कुणाला दिला, हे सगळं एका मोठ्या कागदावर काढायचं. मोटारीच्या कारखान्यात सुटा भाग तासभर पडून राहिला तरी तो जसाच्या तसा असतो. बेकरीत तसं नाही. मळलेलं पीठ थांबलं तरी त्यातलं यीस्ट थांबत नाही. त्यामुळे कारखान्याचा नकाशा बेकरीत जसाच्या तसा वापरला, तर तो चुकीच्या जागी बोट दाखवतो.

एका छोट्या बेकरीत सँडविच ब्रेडचा असा नकाशा मी काढला होता. चार माणसं, एक मिक्सर, एक ओव्हन. सकाळच्या खेपेला 72 ब्रेड आणि ओव्हनमध्ये एका वेळी मावतात 24. तक्रार अशी होती की शेवटचे काही ब्रेड रोज वरून खचतात आणि दुय्यम माल म्हणून बाजूला काढावे लागतात. सगळ्यांचा संशय मैद्यावर होता.

आधी एकच माल निवडा आणि त्याच्यासोबत चाला

सगळ्या पदार्थांचा एकत्र नकाशा काढायला गेलात तर कागदावर नुसती जाळी उमटेल. सर्वांत जास्त निघणारा किंवा सर्वांत जास्त बिघडणारा एक पदार्थ घ्या. मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि घड्याळ एवढं सामान पुरतं. पेन्सिलच घ्या, कारण पहिल्या तासात निम्मा कागद खोडावा लागतो.

वेळा कुणाला विचारून लिहू नका. प्रूफिंग म्हणजे साच्यात भरलेलं पीठ भाजण्याआधी फुगू देणं. "प्रूफिंगला किती वेळ लागतो?" असं विचारलं की कृतीतला आकडा सांगितला जातो, प्रत्यक्षातला नाही. आम्हाला सगळ्यांनी 50 मिनिटं सांगितलं. शेवटच्या ट्रॉलीवर चिठ्ठी चिकटवून वेळ लिहिली तेव्हा ती 106 मिनिटं उभी असल्याचं दिसलं. ही चिठ्ठीची युक्ती जरूर करा: प्रत्येक ट्रॉली जिथे जाईल तिथे आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ तिच्यावर लिहायची. आणि कामगारांना आधीच सांगा की मोजमाप पिठाचं चाललंय, माणसांचं नाही. नाहीतर त्या दिवशी सगळे भराभर काम करतील आणि नकाशा फसवा निघेल.

प्रत्येक कामासाठी एक चौकोन काढा: मळणं, गोळे करून साच्यात भरणं, भाजणं, कापून बांधणं. दोन चौकोनांच्या मध्ये माल साचत असेल तिथे त्रिकोण, आणि त्रिकोणाखाली किती नग साचलेत तो आकडा. घड्याळ सुरू करायचं ते मैद्याला पाणी लागतं त्या क्षणापासून. त्याआधी मैदा डब्यात कितीही वेळ राहिला तरी काही बिघडत नाही.

वेळेच्या तीन रेघा

नेहमीच्या नकाशात खाली वेळेच्या दोन पातळ्या असतात, कामाची आणि थांबण्याची. बेकरीसाठी तीन रेघा ओढा. पहिली हातांच्या आणि यंत्रांच्या कामाची. दुसरी पदार्थाला लागणाऱ्या थांब्याची: आंबणं, प्रूफिंग, थंड होणं. तिसरी, लाल पेन्सिलीने, निव्वळ खोळंब्याची.

दुसरी रेघ वेगळी ठेवली नाही तर कुणीतरी उत्साहाने तीच कमी करायला जातं. ब्रेड थंड व्हायला दोन तास लागतात, हे "वाया" गेलेले तास वाटतात. पण आतून कोमट असलेला ब्रेड स्लायसरमध्ये घातला की पात्याला लगदा चिकटतो, काप चेपतात, आणि पिशवीत वाफ धरून बुरशी लवकर येते. म्हणजे वाचवलेला अर्धा तास पुढे फेकलेल्या मालात भरावा लागतो.

आमच्या तिसऱ्या ट्रॉलीचा प्रवास असा निघाला. मळायला 15 मिनिटं, आंबायला 60. मग पीठ तयार असूनही टेबल रिकामं नाही म्हणून 15 मिनिटं खोळंबा. गोळे करायला एका ट्रॉलीला 12 मिनिटं लागत, पण आधीच्या दोन ट्रॉल्यांचे गोळे होईपर्यंत हे पीठ 24 मिनिटं नुसतं पडून. त्यानंतर स्वतःचे 12, प्रूफिंगचे 50, आणि ओव्हन रिकामा होण्याची वाट पाहत 56. भाजायला 30, शिवाय माल काढणं-भरणं आणि ओव्हन पुन्हा तापणं यात 10, असे 40. थंड व्हायला 120, कापणाऱ्या माणसाची वाट पाहण्यात 45, कापून बांधायला 20.

बेरीज 457 मिनिटं, म्हणजे साडेसात तासांहून थोडं जास्त. त्यात काम 87, पदार्थाला हवा असलेला थांबा 230, आणि लाल रेघ 140 मिनिटांची. पण सगळी लाल मिनिटं सारखी नसतात. कापायच्या आधीची 45 मिनिटं ब्रेडला फारशी बाधत नाहीत. ओव्हनसमोरची 56 मात्र त्याला मारतात, कारण त्या वेळात प्रूफिंग चालूच असतं. ट्रॉलीजवळ उभं राहून बोटाने हलकं दाबून पाहा: खड्डा हळूहळू भरून आला तर पीठ तयार आहे, तसाच राहिला तर वेळ टळून गेली. अशा ब्रेडचा माथा साचा उचलताना थरथरतो, ओव्हनमध्ये वर येण्याऐवजी बसतो, कापल्यावर आत मोठी भोकं दिसतात. मैद्याचा यात काही दोष नव्हता.

दुरुस्तीचं काम उलट्या बाणाने दाखवा

जिथे माल मागे फिरतो किंवा पुन्हा हाताळावा लागतो तिथे मागे वळणारा बाण काढा आणि त्यावर आकडा लिहा. ओव्हननंतर दुय्यम निघालेले ब्रेड लगेच दिसतात. आमचे त्या दिवशी 5 होते, पाचही तिसऱ्या ट्रॉलीतले. न दिसणारी दुरुस्ती जास्त असते, कारण ती कामाच्या वेळेतच मुरून गेलेली असते. गोळे करणारा माणूस वजनकाट्यावर गोळा ठेवतो, चिमूटभर काढतो, परत ठेवतो. ते कुणी दुरुस्ती मानत नाही. एक मुलगी शेजारी बसून रेघा मारत गेली, तेव्हा 72 पैकी 20 गोळ्यांना असा दुसरा हात लागलेला निघाला.

प्रत्येक उलट्या बाणाजवळ एक प्रश्न लिहा: हे बिघडलं कुठे, आणि दिसलं कुठे? खचलेला ब्रेड ओव्हनबाहेर दिसतो, पण बिघडतो ओव्हनच्या रांगेत. नकाशावर ही दोन ठिकाणं रेघेने जोडली की दुरुस्ती आणि खोळंबा हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे असल्याचं उघड होतं.

पायपिटीसाठी दुसरा कागद

नकाशावर माल दिसतो, माणसाची चाल दिसत नाही. त्यासाठी बेकरीचा साधा आराखडा काढा आणि एका माणसामागे पेन्सिल फिरवा. तो जिथून जिथे जाईल तिथे रेघ, पेन्सिल न उचलता. अर्ध्या तासात शेवयांचा गुंता तयार होतो. दाट गुंता जिथे, तिथे पाहा.

आमच्याकडे तो कोठार आणि वजनकाटा यांच्यामध्ये होता. एका मळणीसाठी 11 फेऱ्या, जायला 14 पावलं आणि यायला 14, म्हणजे 308 पावलं. मीठ एका फळीवर, तेल दाराआड, यीस्ट फ्रीजमध्ये. हा आकडा पुढच्या बदलासाठी निर्णायक ठरला.

पुढचा नकाशा: ओव्हनच्या चालीने मळा

ओव्हन दर 40 मिनिटांनी 24 ब्रेड घेतो, त्याहून जलद घेऊ शकत नाही. मग 72 ब्रेडचं पीठ एकदम मळण्यात हशील काय? आम्ही एका मोठ्या मळणीच्या जागी 24-24 ब्रेडच्या तीन मळण्या ठरवल्या, 40 मिनिटांच्या अंतराने.

पहिली मळणी शून्याव्या मिनिटाला सुरू झाली तर 15 मळणं, 60 आंबणं, 15 खोळंबा, 12 गोळे, 50 प्रूफिंग मिळून ट्रॉली 152 व्या मिनिटाला ओव्हनशी येते. दुसरी 192, तिसरी 232. जुन्या पद्धतीत तिसरी ट्रॉली ओव्हनमध्ये किती वाजता जात होती? 232 व्याच मिनिटाला. दिवस एक मिनिटही लांबला नाही. फक्त जो वेळ पीठ रांगेत फुगत उभं राहायचं, त्या वेळात ते आता मैद्याच्या रूपात डब्यात राहतं. तिसऱ्या ट्रॉलीच्या लाल रेघेतले 24 आणि 56 दोन्ही गेले, 140 चे 60 राहिले.

हे करताना तीन ठिकाणी अडकायला होतं. पहिलं म्हणजे पायपीट: मळण्या तीन झाल्या की 308 पावलंही तिप्पट होतात. म्हणून आधी मीठ, साखर, तेल चाकांच्या कपाटात वजनकाट्याशेजारी आणलं आणि तिन्ही मळण्यांचं सुकं सामान एकदमच तोलून तीन डब्यांत भरून ठेवलं. यीस्ट वेगळं, मिठाला न लागेल असं. हे न करता मळण्या वाढवल्या असत्या तर दोन दिवसांत माणसं जुन्या पद्धतीकडे वळली असती, आणि त्यांचं बरोबरही असतं.

दुसरं, मिक्सरचं भांडं मोठं असेल तर थोडं पीठ मळणाऱ्या हुकात नीट धरलं जात नाही, नुसतं कडेला फिरत राहतं. आधी एक चाचणी मळणी करून पाहा. तसं झालं तर दोन मळण्या करा आणि उरलेला खोळंबा ट्रॉली थंड जागी ठेवून निभावा.

तिसरं, बेकरी जसजशी तापते तसतसं तिसरं पीठ पहिल्यापेक्षा गरम निघतं आणि लवकर आंबतं. मळून झाल्यावर पिठात थर्मामीटर खुपसा. पहिलं 26 अंशांवर निघालं असेल तर तिसरंही 26 वरच यायला हवं, त्यासाठी पाणी थंड घ्या.

एक छोटी गोष्ट कागदावरच सापडली. तिसरी मळणी 80 ते 95 मिनिटांत होते आणि पहिले गोळे 90 ला सुरू होतात. त्या पाच मिनिटांत दोन माणसं लागतात. हे आधी दिसल्यामुळे बांधणीवरच्या माणसाला त्या वेळी मिक्सरपाशी उभं राहायला सांगता आलं.

नवा नकाशा दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा, एकदा साध्या दिवशी आणि एकदा गर्दीच्या. आमच्या दुसऱ्या मोजणीत खचलेले ब्रेड तिसऱ्या ट्रॉलीत उरले नव्हते, पण टेबलासाठीची 15 मिनिटं तशीच होती: आदल्या दिवशीच्या मालाची बांधणी त्याच टेबलावर चालायची. आता ती भिंतीलगतच्या फळीवर होते.