‘नोबेल विजेते म्हणतात’ एवढ्यावर विसंबू नका: तज्ज्ञाचा दाखला तपासताना होणाऱ्या चुका

तज्ज्ञाचं म्हणणं मानणं यात मुळात काही चूक नाही. प्रत्येक औषधाची चाचणी आपण स्वतः घेऊ शकत नाही. भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायदर्शनाने तर आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा, शब्द हे ज्ञानाचं प्रमाणच मानलं. मात्र आप्त कोणाला म्हणायचं, याच्या दोन अटी वात्स्यायनाच्या भाष्यात आहेत: त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत हवी आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची त्याची इच्छा हवी. बहुतेक गफलती यातली एक अट न तपासल्याने होतात.

पदवी खरी, विषय दुसरा

लायनस पॉलिंग यांना रासायनिक बंधांवरील कामासाठी 1954 चं रसायनशास्त्राचं आणि पुढे 1962 चं शांततेचं नोबेल मिळालं. 1970 पासून ते सांगू लागले की रोज एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त व्हिटॅमिन सी घेतल्यास सर्दी टळते. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण 75 ते 90 मिलिग्रॅम, म्हणजे हा डोस दहापटीहून मोठा. लोकांनी तो घेतला, कारण सांगणारा नोबेल विजेता होता.

इथे चूक ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘हे विधान खरं की खोटं, ते ठरवायला कोणतं काम करावं लागेल?’ असं विचारा. सर्दी टळते का, हे रेणूच्या रचनेवरून ठरत नाही. त्यासाठी माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला व्हिटॅमिन आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यायची आणि दोन्ही गटांतल्या सर्द्या मोजायच्या. पॉलिंग यांचं नोबेल या कामासाठी नव्हतं.

अशा चाचण्या पुढे बऱ्याच झाल्या. रोज व्हिटॅमिन सी घेणाऱ्या सर्वसाधारण लोकांना सर्दी तितक्याच वेळा झाली. प्रौढांमध्ये तिचा काळ मात्र सुमारे 8 टक्क्यांनी घटला. मॅरेथॉन धावणाऱ्यांसारख्या कमालीचे शारीरिक कष्ट करणाऱ्यांत सर्दीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे पॉलिंग सपशेल चुकले असंही नाही. ‘त्यांचा विषय नव्हता, म्हणून खोटंच’ ही उलट बाजूची तितकीच ढोबळ चूक झाली असती. विषय वेगळा असेल तर पदवीचं वजन शून्य धरा; पुराव्याचं वजन पुराव्यातूनच काढा.

कर्करोगाच्या बाबतीतही तसंच. 1976 मध्ये पॉलिंग आणि शल्यचिकित्सक इवान कॅमेरॉन यांनी रोज साधारण 10 ग्रॅम व्हिटॅमिन सी घेतलेल्या 100 असाध्य रुग्णांची तुलना जुन्या नोंदींतल्या 1000 रुग्णांशी केली आणि आयुष्य कितीतरी पटींनी वाढल्याचं सांगितलं. पण गट यदृच्छेने पाडलेले नव्हते. ‘आता उपचार नाही’ असं कोणत्या टप्प्यावर ठरवलं, हे दोन्ही गटांत सारखं असल्याची खात्री नव्हती. 1979 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या चाचणीत फायदा दिसला नाही. त्या रुग्णांनी आधी केमोथेरपी घेतली होती, असा आक्षेप पॉलिंग यांनी घेतला. आक्षेप रास्त होता, म्हणून केमोथेरपी न घेतलेल्यांवर नवी चाचणी झाली. 1985 मध्ये तिचा निकालही तोच आला. या चाचण्या तोंडाने घेतलेल्या मात्रेच्या होत्या, शिरेतून दिलेल्या मात्रेचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

तारीख न पाहणं

विषय योग्य असला तरी मत शिळं असू शकतं. तान्ह्या बाळाला पालथं झोपवा, असं बालरोगतज्ज्ञ एकेकाळी सांगत. झोपेतल्या अचानक मृत्यूंशी त्याचा संबंध दिसल्यावर 1992 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला बदलला. आज उताणं झोपवायला सांगतात. जुना सल्ला देणारे त्या वेळी खरेच तज्ज्ञ होते, म्हणूनच तो घरोघरी टिकून राहतो. उद्धरणाखाली वर्ष नसेल तर आधी ते शोधा. मग त्याच विषयातल्या संघटनेची आजची मार्गदर्शिका उघडून दोन्ही समोरासमोर ठेवा.

पैसा कुठून आला?

अँड्र्यू वेकफिल्ड डॉक्टर होते. 1998 मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या लेखात फक्त 12 मुलं होती, आणि त्यावरून गोवर-गालगुंड-रुबेला लशीमुळे स्वमग्नता होते अशी भीती पसरली. लसउत्पादकांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून त्यांना पैसे मिळत होते, आणि लेखात ते सांगितलं नव्हतं. 2010 मध्ये लेख मागे घेतला गेला, त्यांचा परवानाही गेला.

पण हितसंबंध दिसला एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. औषधांच्या कित्येक चाचण्या ती औषधं बनवणाऱ्या कंपन्यांच्याच पैशातून होतात. हितसंबंध लपवला होता का आणि ज्यांचा त्यात पैसा नाही अशांनाही तोच निकाल मिळाला का, हे दोन प्रश्न विचारा. वेकफिल्ड यांच्या दाव्याचा निकाल दुसऱ्या प्रश्नाने लागला: पुढे लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या, लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सापडला नाही.