एक्सेलमध्ये तिमाहीचे दिवस मोजताना एक दिवस कमी पडतो?

३० जूनमधून १ एप्रिल वजा केला की ९० येतात, पण ही तिमाही असते ९१ दिवसांची. म्हणून शेवटची तारीख घेऊच नका, पुढच्या तिमाहीची पहिली तारीख घ्या.

A2 मध्ये आर्थिक वर्षाची पहिली तारीख, समजा १ एप्रिल २०२३, टाका. मग A3 मध्ये पहिलं सूत्र लिहून A6 पर्यंत ओढा आणि B2 मध्ये दुसरं लिहून B5 पर्यंत.

```
=EDATE(A2,3)
=A3-A2
```

९१, ९२, ९२, ९१ असे दिवस येतील. बेरीज ३६६, कारण २९ फेब्रुवारी २०२४ चौथ्या तिमाहीत येतो. लीप वर्ष ठरवताना नुसतं २०२३ बघून फसायला होतं.

आकड्याऐवजी तारीख किंवा तारखेऐवजी आकडा दिसला, तर सेलचा फॉरमॅट बदला.